लॅपटॉपची निवड : पुढे न बदलणारे आधी पाहावे

बारावीचा निकाल लागून महाविद्यालयातील प्रवेश निश्चित झाला, की पुष्कळ घरांत लॅपटॉप खरेदीचा प्रश्न उभा राहतो. तालुक्याच्या गावी दुकाने थोडी आणि दुकानात प्रत्यक्ष मांडलेली यंत्रे त्याहूनही थोडी. त्यामुळे ही खरेदी आता बहुधा घरी बसून, मोबाइलच्या पडद्यावर होते. पडद्यावर यंत्रांची रांगच लागते. प्रत्येकाच्या नावापुढे अंकांची व अक्षरांची लांबलचक माळ असते आणि तिच्या शेजारी ठळक अक्षरांत सवलत छापलेली असते. माळ वाचता येत नाही म्हणून सवलत वाचली जाते आणि तिच्यावरूनच यंत्र ठरते. वर्ष-दीड वर्षाने ते यंत्र संथ पडते, तेव्हा मूळ चूक कोठे झाली हे कळण्याचा मार्ग उरलेला नसतो.

ही माळ वाचण्याची एक सोपी रीत आहे. लॅपटॉपचे काही भाग पुढे बदलता किंवा वाढवता येतात, तर काही भाग विकत घेतले त्या दिवशी जसे असतील तसेच अखेरपर्यंत राहतात. निवड करताना या दुसऱ्या वर्गातील भाग प्रथम पाहावेत. प्रोसेसर त्या वर्गात येतो. मेमरी कित्येक यंत्रांत त्या वर्गात येते, काहींत येत नाही. माहितीची साठवण बहुधा वाढवता येते. दुरुस्तीची सोय मात्र यंत्रात नसून गावाच्या पत्त्यावर अवलंबून असते, आणि तीही खरेदीनंतर बदलत नाही.

तीन यंत्रांचे उदाहरण

विवेचन नेमके व्हावे यासाठी एक उदाहरण घेऊ. गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबातील मुलीला संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला आहे. काजूच्या हंगामातील उत्पन्नातून घरच्यांनी 45,000 रुपये बाजूला ठेवले आहेत. यंत्र निदान चार वर्षे चालले पाहिजे, कारण मध्येच दुसरे घेणे या घराला परवडणारे नाही. गावातील शाळेच्या शिक्षकांच्या साह्याने तीन यंत्रे निवडून कागदावर मांडण्यात आली. त्यांच्या किमती येथे उदाहरणादाखल धरल्या आहेत.

पहिल्या यंत्राची किंमत 37,990 रुपये. प्रोसेसर Ryzen 5 7520U, मेमरी 8 जीबी, साठवण 512 जीबी. दुसऱ्याची किंमत 39,990 रुपये. प्रोसेसर Core i3-1215U, मेमरी 8 जीबी, साठवण 512 जीबी. तिसऱ्याची किंमत 46,990 रुपये. प्रोसेसर Core i5-1235U, मेमरी व साठवण वरीलप्रमाणेच. वरवर पाहता मेमरी व साठवण तिन्हींत सारखी आहे. पहिले यंत्र सर्वांत स्वस्त, शिवाय त्याच्या नावात 5 हा आकडा आणि दुसऱ्याच्या नावात 3. साहजिकच घरातील सर्वांचा कौल पहिल्याकडे होता.

प्रोसेसर : नावापेक्षा क्रमांक महत्त्वाचा

प्रोसेसर म्हणजे यंत्रातील प्रत्यक्ष गणन करणारा भाग. लॅपटॉपमध्ये तो मुख्य पट्टीवर, म्हणजे मदरबोर्डवर, डाख देऊन कायमचा बसवलेला असतो. तो काढून दुसरा बसवणे व्यवहारात शक्य नसते. म्हणून सर्वांत आधी त्याचा विचार करावयाचा.

नावातील 3, 5 किंवा 7 हा आकडा केवळ त्या कंपनीच्या त्या मालिकेतील पायरी दाखवतो. एका कंपनीची पाचवी पायरी दुसऱ्या कंपनीच्या तिसऱ्या पायरीहून वरचढ असेलच असे नाही. खरी माहिती पुढील चार अंकी क्रमांकात असते.

एएमडी या कंपनीने 2023 सालच्या रायझन मालिकेपासून क्रमांकाची जी पद्धत स्वीकारली, तीत पहिला अंक मालिकेचे वर्ष दाखवतो. 7 म्हणजे 2023. यामुळे 7520 हा क्रमांक पाहून यंत्र अगदी नव्या बांधणीचे वाटते. परंतु आतील रचना कोणत्या पिढीची आहे, हे त्याच पद्धतीत तिसरा अंक सांगतो. 7520 मधील तिसरा अंक 2 आहे. म्हणजे रचना 'झेन 2' या पिढीची, जी प्रथम 2019 मध्ये बाजारात आली. 7530 या क्रमांकात तिसरा अंक 3 असल्याने रचना त्यापुढील पिढीची ठरते. दोन्ही यंत्रांच्या नावात 'रायझन 5' हेच शब्द असतात. पण 7520यू मध्ये चार गाभे आहेत, तर 7530यू मध्ये सहा. गाभा म्हणजे स्वतंत्रपणे काम करू शकणारा प्रोसेसरचा भाग. एका अंकाच्या फरकाने एवढे अंतर पडते.

इंटेल कंपनीच्या i3-1215U या क्रमांकातील पहिले दोन अंक पिढी दाखवतात. ही बारावी पिढी 2022 मधील आहे. या प्रोसेसरमध्ये दोन वेगवान व चार काटकसरी असे एकूण सहा गाभे आहेत. विद्यार्थ्याच्या रोजच्या कामात, म्हणजे दस्तऐवज उघडणे, ब्राउझरची पाने वाचणे, लहान आज्ञावली चालवणे यांत, एकेका गाभ्याचा वेग अधिक जाणवतो. या कसोटीवर हा 'i3' उदाहरणातील 'रायझन 5' पेक्षा सरस ठरतो. येथे घरच्यांचा पहिला समज बाजूला पडला.

अखेरचे अक्षरही पाहावे. 'U' हे अक्षर कमी वीज खाणारा प्रोसेसर सुचवते. अशी यंत्रे कमी तापतात आणि बॅटरीवर अधिक वेळ चालतात. 'H' हे अक्षर अधिक शक्तिमान व अधिक वीज घेणाऱ्या प्रोसेसरचे. क्रमांकाच्या आरंभी 'N' हे अक्षर आले, तर तो केवळ काटकसरी गाभ्यांचा, हलक्या कामासाठीचा प्रोसेसर समजावा, मग नावात 'i3' असो वा नसो. दोन्ही कंपन्यांनी त्यानंतरच्या काही मालिकांत नावांची पद्धत पुन्हा बदलली आहे. म्हणून क्रमांकावरून उलगडा न झाल्यास पूर्ण क्रमांक त्या प्रोसेसर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधावा आणि तो कोणत्या वर्षी आला व त्यात किती गाभे आहेत, या दोन गोष्टी तेथे पाहाव्यात.

मेमरी : आज किती, आणि पुढे किती होईल

मेमरी, म्हणजे रॅम, ही काम चालू असताना माहिती हाताशी ठेवण्याची जागा होय. टेबल लहान असले की एक वही ठेवल्याशिवाय दुसरी उघडता येत नाही, तसेच मेमरी अपुरी पडली की यंत्र माहिती सारखी साठवणीत नेऊन ठेवते व परत आणते. प्रोसेसर चांगला असूनही यंत्र अडखळते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

वाणिज्य किंवा कला शाखेच्या विद्यार्थ्याचे काम 8 जीबी मेमरीत आज भागते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याचे ते भागत राहील असे नाही. मोबाइलसाठी आज्ञावली लिहिण्याचे 'अँड्रॉइड स्टुडिओ' हे साधन त्यातील आभासी मोबाइलसह वापरावयाचे असेल, तर 16 जीबी मेमरी असावी असे ते तयार करणारी गुगल कंपनीच सांगते. म्हणजे उदाहरणातील मुलीला दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी 16 जीबी लागणार, हे आजच गृहीत धरले पाहिजे.

येथे खरा प्रश्न येतो. मेमरी दोन प्रकारे बसवलेली असते. एका प्रकारात ती लहान पट्टीच्या रूपाने खाचेत खोवलेली असते. ही पट्टी काढता येते, मोठी घालता येते, आणि शेजारची खाच रिकामी असल्यास दुसरी पट्टी वाढवता येते. दुसऱ्या प्रकारात मेमरी मुख्य पट्टीवर डाख देऊन कायम बसवलेली असते. अशा यंत्रात दुसरी खाच नसेल, तर 8 जीबी हे अखेरपर्यंत 8 जीबीच राहतात.

विक्रीच्या पानावर हा भेद ठळकपणे क्वचितच सांगितलेला असतो. तो शब्दांवरून ओळखावा लागतो. 'onboard' किंवा 'soldered' हे शब्द दिसल्यास मेमरी कायम बसवलेली आहे. 'LPDDR4X' वा 'LPDDR5' असे लिहिले असल्यास ती जवळजवळ नेहमीच कायम बसवलेली असते. नुसते 'DDR4' किंवा 'DDR5' आणि 'SO-DIMM' असे शब्द असल्यास ती खाचेतील पट्टी होय. काही यंत्रांत दोन्हींची जोड असते, म्हणजे थोडी मेमरी कायम बसवलेली आणि एक खाच मोकळी.

विक्रीच्या पानावर विसंबण्यापेक्षा यंत्राचा पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन निर्मात्या कंपनीचे तांत्रिक पत्रक पाहणे अधिक खात्रीचे. एकाच नावाची यंत्रे वेगवेगळ्या क्रमांकांनी विकली जातात आणि त्यांची आतील बांधणी वेगळी असू शकते. नाव जुळले म्हणजे यंत्र जुळले, असे मानू नये. बऱ्याच मोठ्या कंपन्या आपल्या यंत्रांच्या दुरुस्तीची पुस्तिकाही संकेतस्थळावर ठेवतात. तीत यंत्र उघडण्याची चित्रे असतात. मेमरीची पट्टी काढण्याचे चित्र त्या पुस्तिकेत नसेल, तर ती काढता येत नाही असे समजण्यास हरकत नाही.

या पद्धतीने पाहता, पहिल्या यंत्रातील 7520यू हा प्रोसेसर मुळातच केवळ एलपीडीडीआर5 मेमरीवर चालतो. त्यात 8 जीबी कायमच्या बसवलेल्या, खाच नाही. दुसऱ्या यंत्रात दोन खाचा असून एकीत 8 जीबीची डीडीआर4 पट्टी व दुसरी रिकामी आढळली. तिसऱ्यात 8 जीबी कायम बसवलेले व एक खाच मोकळी. म्हणजे 16 जीबीपर्यंत जाण्याची वाट दुसऱ्या व तिसऱ्या यंत्रात आहे, पहिल्यात नाही. दुसऱ्या यंत्रात पुढे आणखी एक सारखी पट्टी घातली, की मेमरी दुप्पट होते, शिवाय दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी देवघेव सुरू होऊन चित्र दाखवण्याचे कामही वेगाने होते.

मेमरी 'नंतर स्वस्तात वाढवू' या हिशेबाला मात्र एक मर्यादा आहे. मेमरीचे भाव स्थिर नसतात. 2025 च्या अखेरीस ते झपाट्याने चढले. यास्तव तेच यंत्र 16 जीबीसह मिळत असल्यास त्याची जादा किंमत आणि सुट्या पट्टीची त्या दिवशीची किंमत या दोन्ही शेजारी लिहून तुलना करावी. पट्टी घेताना जुनीच जात घ्यावी. डीडीआर5 ची पट्टी डीडीआर4 च्या खाचेत बसतच नाही.

साठवण

साठवणीच्या बाबतीत काळजीचे कारण थोडे आहे. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये 'NVMe' प्रकारची एसएसडी असते आणि ती सहसा काढून मोठी बसवता येते. अत्यंत स्वस्त यंत्रांत 64 किंवा 128 जीबीची 'eMMC' साठवण दिलेली असते; ती संथ असते व मुख्य पट्टीवरच कायम बसवलेली असते. विंडोज 11 साठी 64 जीबी ही किमान मर्यादा आहे, पण तेवढ्यात प्रणालीची अद्ययावत आवृत्ती उतरवून घेण्यासही जागा अपुरी पडू लागते. असे यंत्र पदवीच्या अभ्यासासाठी घेऊ नये.

एका शंकेचे निरसन येथे करणे इष्ट. 512 जीबीचे यंत्र सुरू केल्यावर पडद्यावर सुमारे 476 जीबी एवढीच जागा दिसते आणि खरेदीदारास फसवणूक झाल्याचा संशय येतो. निर्माते एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. विंडोज 1,07,37,41,824 बाइट धरते. माप वेगळे, माल तोच.

दुरुस्तीसेवेचा पल्ला

घरपोच माल येतो तेथे दुरुस्तीही घरपोच मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. माल पोचवणारी विक्री कंपनी वेगळी, हमी देणारी निर्माती कंपनी वेगळी. विक्रीच्या पानावर पिन कोड घातल्यावर जे उत्तर येते ते केवळ माल पोचण्याविषयी असते.

हमी दोन प्रकारची असते. 'ऑनसाइट' हमीत तंत्रज्ञ पत्त्यावर येतो. मात्र आधी दूरध्वनीवरून दोषाची तपासणी होते, आणि काही कंपन्यांची ही सोय सेवाकेंद्रापासून ठरावीक अंतरापर्यंतच असते. 'कॅरी-इन' हमीत यंत्र ग्राहकाने केंद्रात नेऊन द्यावयाचे व परत आणावयाचे. हमी एकच वर्षाची असली, तरी या फरकाने तिचे मोल बदलते. पडदा फुटणे किंवा यंत्रावर पाणी सांडणे यांसारखी हानी सर्वसाधारण हमीत येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी निर्मात्या कंपनीच्या संकेतस्थळावर सेवाकेंद्रांची यादी पाहावी आणि तिच्या साहाय्यता क्रमांकावर आपला पिन कोड व यंत्राचा पूर्ण मॉडेल क्रमांक सांगून तीन प्रश्न विचारावेत : या पत्त्यावर तंत्रज्ञ येतो काय, येत नसल्यास सर्वांत जवळचे केंद्र कोठे, आणि सुटा भाग मागवावा लागल्यास यंत्र केंद्रात ठेवून घेतात काय. उत्तर ईमेलने मागावे. विद्यार्थी वसतिगृहात राहणार असेल, तर चौकशी वसतिगृहाच्या पत्त्यासाठी करावी.

उदाहरणातील दुसऱ्या यंत्राच्या कंपनीने तंत्रज्ञ गावी येतो, मात्र दोन-तीन दिवस लागू शकतात, असे कळवले. पहिल्याचे केंद्र पणजीत निघाले. कदंबाच्या बसने जाऊन-येऊन एक दिवस मोडतो, एवढेच. तिसऱ्या यंत्राच्या कंपनीचे गोव्यात केंद्रच नव्हते. सर्वांत जवळचे बेळगावी. म्हणजे दोष उद्भवल्यास चोर्ला घाट ओलांडून यंत्र न्यावयाचे आणि दुरुस्त झाल्यावर पुन्हा त्याच वाटेने आणावयाचे.

निर्णय

पहिले यंत्र दोन हजार रुपयांनी स्वस्त. परंतु त्याचा प्रोसेसर जुन्या रचनेचा आणि मेमरी न वाढणारी. हे दोन्ही दोष पुढे पैसे खर्चूनही दूर होणारे नाहीत. तिसऱ्याचा प्रोसेसर तिन्हींत सरस, पण किंमत मर्यादेबाहेर आणि सेवा घाटापलीकडे. ही मुलगी बेळगावात राहून शिकणार असती व घरचे आणखी दोन हजार उभे करू शकले असते, तर याच यंत्राकडे कौल गेला असता. प्रस्तुत परिस्थितीत दुसरे यंत्र योग्य ठरले. 39,990 रुपये वजा जाता हाती 5,010 रुपये राहिले. ते मेमरीच्या दुसऱ्या पट्टीसाठी स्वतंत्र ठेवण्यात आले. ती पट्टी कंपनीच्या केंद्रातच बसवून घ्यावयाची, म्हणजे हमीबाबत पुढे वाद राहत नाही.

यंत्र हाती आल्यावर

बदलून घेण्याची मुदत पुष्कळदा थोड्याच दिवसांची असते. ती मागणी नोंदवतानाच वाचून ठेवावी आणि खोके आल्याबरोबर तपासणी करावी. खोके उघडण्याचे आरंभापासून सलग चित्रीकरण करावे. खोक्यावरील, यंत्राच्या तळावरील व बिलावरील अनुक्रमांक जुळतो की नाही ते पाहावे.

त्यानंतर यंत्र सुरू करून Ctrl, Shift आणि Esc या कळा एकत्र दाबाव्यात. Task Manager ही खिडकी उघडते. तीत Performance या भागात CPU निवडल्यास प्रोसेसरचे पूर्ण नाव दिसते. Memory निवडल्यास एकूण मेमरी व 'Slots used' ही ओळ दिसते. दुसऱ्या यंत्रात तेथे '1 of 2' असे दिसले पाहिजे. '2 of 2' दिसल्यास 4 जीबीच्या दोन पट्ट्या घातल्या असून रिकामी खाच नाही, असा त्याचा अर्थ. मेमरीचा काही अंश चित्र दाखवण्यासाठी राखून ठेवला जातो. त्यामुळे वापरास मिळणारी मेमरी 8 जीबीहून थोडी कमी दिसते, तो दोष नव्हे.

बॅटरी नवीनच आहे ना, हे पाहण्यासाठी Command Prompt उघडून पुढील आज्ञा द्यावी :

```
powercfg /batteryreport
```

यंत्र एक अहवाल तयार करते व तो कोठे ठेवला ते सांगते. अहवालातील 'Design capacity' आणि 'Full charge capacity' हे दोन आकडे नव्या यंत्रात जवळजवळ सारखे असतात. दुसरा आकडा बराच कमी असेल, तर यंत्र पूर्वी वापरलेले असण्याचा संशय घेण्यास जागा आहे.

शेवटी कंपनीच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक घालून हमी कोणत्या तारखेस संपते व ती कोणत्या प्रकारची आहे हे पाहावे. यंत्र गोदामात पडून राहिलेले असल्यास हमी आधीच सुरू झालेली दिसू शकते. अशा वेळी बिलाची प्रत पाठवून खरेदीच्या तारखेपासून हमी दुरुस्त करून घ्यावी. हे काम पहिल्याच आठवड्यात करणे सोपे, वर्षअखेरीस कठीण.

वर्णन एक आणि माल दुसरा आल्यास ग्राहक हताश नाही. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 नुसार विक्री संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच 48 तासांत देणे व एक महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता क्रमांक 1915 हा आहे. तेथेही दाद न मिळाल्यास, ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये ग्राहकास तो राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. विक्रेत्याच्या शहरी जावे लागत नाही. यासाठी विक्रीच्या पानाचे खरेदीच्या दिवशीचे छायाचित्र, बिल, सेवाकेंद्राचे ईमेल आणि खोके उघडतानाचे चित्रीकरण एकत्र जपून ठेवावे. त्या पानावर लिहिलेली मेमरी आणि हाती आलेली मेमरी यांतील फरक दाखवण्यास एवढा पुरावा पुरेसा असतो.